पीटी महिनाभर थांबवायचंय, ट्रेनरना कसं सांगू?

"बडोद्यात, कारेलीबागेत राहते. लाभपाचम झाल्यावर 27 ऑक्टोबरला जिममध्ये 36 सेशन्सचं पर्सनल ट्रेनिंगचं, म्हणजे पीटीचं, पॅकेज सुरू केलं. सोम-बुध-शुक्र, संध्याकाळी साडेसहा. पावतीवर तीन महिन्यांची मुदत आहे. आईचं पुण्यात गुडघा बदलायचं ऑपरेशन आहे, म्हणून 15 डिसेंबरपासून महिनाभर तिकडे असेन. 14 जानेवारीपासून पुन्हा सुरू करायचंय. जाईपर्यंत 19 सेशन्स होतील. ट्रेनर सर मराठीच आहेत, मनापासून शिकवतात, त्यांना वाईट वाटायला नको. पण उरलेली सेशन्स आणि माझी वेळ दोन्ही हातची जायला नको. निघायला अजून दोन आठवडे आहेत. कसं सांगू?"

आधी सरांना समोरासमोर सांगा, त्याच संध्याकाळी तेच लिहून पाठवा, आणि दुसऱ्या दिवशी डेस्कवर अर्ज द्या. हे सगळं याच आठवड्यात करा. आणि 14 जानेवारी ही तारीख बदला, त्याचं कारण पुढे सांगतो.

सरांना वाईट वाटेल ही काळजी मनातून काढून टाका. मी बरीच वर्षं ट्रेनर होतो, आता एका जिमच्या ट्रेनर्सचं वेळापत्रक बघतो. क्लायंट महिनाभर गावाला जाणं हे आमच्याकडे रोजचं आहे. ट्रेनरला जड जातं ते काहीच पक्कं न कळणं. "सर, थोडे दिवस जमणार नाही, आल्यावर सांगते" असा मेसेज आला की अनुभवी ट्रेनर ते नाव वहीतून मनातल्या मनात खोडतो, कारण असं लिहून गेलेली बहुतेक माणसं परत येत नाहीत. तुम्ही खरंच परत येणार आहात हे त्यांना कळायला तुमच्या मेसेजमध्ये वार, तारीख आणि वेळ लागते. चार वेळा सॉरी म्हटल्याने ते कळत नाही.

महिनाभर थांबते म्हणताना तुम्ही खरं तर तीन गोष्टी थांबवताय आणि त्या तीन वेगवेगळ्या हातांत आहेत. उरलेल्या 17 सेशन्सचा हिशेब सरांच्या वहीत आणि जिमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. पॅकेजची मुदत फक्त मॅनेजमेंटच्या हातात आहे, सर कितीही चांगले असले तरी ती त्यांना वाढवता येत नाही. साडेसहाची वेळ मात्र बहुतेक ठिकाणी सरांच्याच हातात असते. सर "हो हो, काही हरकत नाही" म्हणाले की लोक समजतात तिन्ही गोष्टी झाल्या. प्रत्यक्षात फार तर एकच झालेली असते.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते मुदतीत, म्हणून आधी तिचं बघू. तुमचं पॅकेज 27 ऑक्टोबरला सुरू झालं, म्हणजे तीन महिन्यांची मुदत 26 जानेवारीला संपते. तुम्ही नुसत्या गावाला गेलात आणि 19 जानेवारीला परत आलात, तर मुदतीच्या आत तुमच्या वाट्याला 19, 21 आणि 23 ही तीनच सेशन्स येतात. 26 ला प्रजासत्ताक दिन, त्या दिवशी बहुतेक जिम बंद किंवा अर्धा दिवस. बाकीची चौदा सेशन्स पैसे भरूनही गेली. तेव्हा डेस्कवरची बाई किंवा मुलगा तुमच्याशी वाकडं वागत नसतो, त्याला स्क्रीनवर 'एक्स्पायर्ड' दिसतं आणि त्यापुढे त्याला काही करता येत नाही.

यावर उपाय फ्रीजचा. जितके दिवस पॅकेज फ्रीज, तितके दिवस मुदत पुढे सरकते. 15 डिसेंबर ते 18 जानेवारी हे 35 दिवस होतात, म्हणजे नवी मुदत 2 मार्च. 19 जानेवारीपासून 2 मार्चपर्यंत सोम-बुध-शुक्र धरले आणि 26 जानेवारी वगळली तर 18 दिवस मिळतात. तुम्हाला 17 हवेत. बसतंय, पण एकाच दिवसाची सवड राहते, हे लक्षात असू द्या.

इथे एक मेख असते. कित्येक जिममध्ये एका पॅकेजला जास्तीत जास्त 30 दिवसांचाच फ्रीज देतात. तसं असेल तर मुदत 25 फेब्रुवारीला संपेल आणि हिशेबात एक सेशन कमी पडेल. त्यासाठी भांडत बसू नका. एखाद्या आठवड्यात शनिवारी एक जादा सेशन घ्यायचं हे सरांशी आत्ताच ठरवून ठेवा. असं आधी ठरलेलं सेशन सहज निघतं, शेवटच्या आठवड्यात मागितलं की सरांच्या डायरीत जागा नसते.

अजून एक गोष्ट डेस्कवर स्पष्ट विचारा. जिमची वार्षिक मेंबरशिप आणि पीटीचं पॅकेज या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळ्या नोंदी असतात. पीटी फ्रीज केली म्हणून मेंबरशिप आपोआप फ्रीज होत नाही. दोन्ही करायच्या का, त्याला काही शुल्क आहे का, हे एकदाच विचारून घ्या. मेंबरशिपचं वर्ष अजून बरंच उरलं असेल आणि फ्रीजचे दिवस मोजकेच मिळत असतील, तर मी ते दिवस पीटीसाठी वापरेन, कारण एका सेशनला मोजलेले पैसे मेंबरशिपच्या एका दिवसापेक्षा कितीतरी जास्त असतात.

आता तारखेचं. 14 जानेवारी बुधवार आहे, म्हणजे तुमचा नेहमीचाच वार, म्हणून तुम्ही ती धरली असणार. पण तुम्ही बडोद्यात राहता! पुण्यात संक्रांत एका दिवसाची, इथे 14 ला उत्तरायण आणि 15 ला वासी उत्तरायण. दोन्ही दिवस अख्खं गाव गच्चीवर. जिम उघडी असली तरी सर आलेले नसतील, आणि आले तरी दोन दिवस मांजा ओढून बोटं चिरलेली. शुक्रवार 16 सुद्धा कच्चाच, बरेच जण रविवारपर्यंत सुट्टी जोडून घेतात. तुम्ही 14 सांगितलीत, सर मनात म्हणाले "उत्तरायण झाल्यावर येतील", आणि ठरलेली तारीख पहिल्याच दिवशी मोडली. मग ती 16 होते, नाहीतर 21, नाहीतर "पुढच्या सोमवारपासून बघू". म्हणून सोमवार, 19 जानेवारी. तुम्हालाही पुण्याहून येऊन घर लावायला दोन-चार दिवस लागतीलच.

वेळेच्या बाबतीत मात्र तुमचा महिना अवघड आहे. संध्याकाळी सहा ते नऊ हाच आमच्याकडे मागणीचा वेळ. एका ट्रेनरकडे त्यात जेमतेम तीन-चार क्लायंट बसतात. त्यातून डिसेंबरअखेर आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा म्हणजे नवीन वर्षाची गर्दी. शिवाय कमुरता, म्हणजे संक्रांतीपर्यंतचा लग्नं न करण्याचा महिना, संपला की लग्नं सुरू होतात, त्यामुळे नवरा-नवरी आणि त्यांची भावंडं याच दिवसांत येऊन चौकशी करतात. साडेसहाची मोकळी वेळ दिसली की दोन दिवसांत भरते. त्यात कोणी 36 सेशन्सचं पॅकेज घेतलं, तर तो माणूस एप्रिलपर्यंत तिथून हलत नाही.

घरातली मोठी माणसं म्हणतील, जिमला जाणार नाही हे सांगायचं काय एवढं! दांडिया बाजारच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या आखाड्यात वाढलेल्या पिढीचं ते म्हणणं बरोबरच आहे, तिथे मैदान सगळ्यांचं असतं, कोणी एक दिवस आला नाही तर कोणाचं काही अडत नाही. पीटीत त्या ट्रेनरचा तो एक तास फक्त तुमचा असतो. बहुतेक ट्रेनर्सना जिमकडून थोडा ठरलेला पगार आणि त्यावर पीटीतला हिस्सा मिळतो. तो हिस्सा कुठे पॅकेज विकलं तेव्हाच मिळतो, कुठे सेशन झाल्यावर. दुसरा प्रकार असेल तर तुमच्या महिनाभराच्या सुट्टीत सरांची बारा-चौदा सेशन्सची कमाई थांबते. ती वेळ रिकामी ठेवा असं त्यांना सांगणं म्हणजे तो तोटा त्यांच्या खिशातून भरायला सांगणं. बरेच जण भिडेखातर हो म्हणतात आणि मग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते पाळणं त्यांना जमत नाही. त्यांचा दोष नसतो.

म्हणून वेळ रिकामी ठेवायला सांगूच नका. ती महिनाभरासाठी दुसऱ्याला द्या असं तुम्हीच सुचवा. बडोद्यात हे सहज जमण्यासारखं आहे, कारण डिसेंबर-जानेवारी म्हणजे परदेशातली मंडळी घरी येण्याचे दिवस. अमेरिकेहून, इंग्लंडहून चार-पाच आठवड्यांसाठी आलेली ही माणसं उत्तरायण करून परत जातात, आणि त्यांना महिनाभरापुरताच ट्रेनर हवा असतो. बारा सेशन्सचं पॅकेज 15 डिसेंबरला सुरू केलं तर सोम-बुध-शुक्र धरून बरोबर 9 जानेवारीला संपतं. दोन-तीन खाडे झाले तरी 16 पर्यंत भरून निघतात. सरांचा तास रिकामा राहत नाही, आणि 19 ला तो तुमच्यासाठी मोकळा होतो. तुमच्या ओळखीत असं कोणी आलेलं असेल तर सरांशी त्यांची गाठ घालून द्या. ट्रेनरसाठी यापेक्षा चांगला निरोप नाही.

पैसे भरून वेळ राखून ठेवायची पद्धतही आहे. स्वतंत्रपणे काम करणारे काही ट्रेनर महिन्याची थोडी रक्कम घेऊन वेळ धरून ठेवतात. तुमच्या बाबतीत मला ती गरज वाटत नाही. त्यापेक्षा साडेसहा नाहीच जमलं तर दुसरी कुठली वेळ चालेल हे सांगून ठेवा, म्हणजे सरांना हात मोकळे राहतात.

आता प्रत्यक्ष सांगायचं कसं ते. सेशन सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी जा. सेशनच्या मध्ये सांगू नका, तेव्हा त्यांचं लक्ष तुमच्या पाठीकडे आणि पुढच्या सेटकडे असतं. सेशन संपल्यावरही नको, कारण लगेच पुढचे क्लायंट उभे असतात. आणि डेस्कवर आधी तर अजिबात नको. मॅनेजरच्या तोंडून "तुमच्या मॅडम थांबताहेत म्हणे" असं ऐकावं लागलं की कोणत्याही ट्रेनरला खरंच लागतं. एवढं बोलणं पुरे:

"सर, दोन मिनिटं बोलायचं होतं. आईचं पुण्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. 12 तारखेला शुक्रवारचं सेशन करते आणि मग महिनाभर येणार नाही. 19 जानेवारीला सोमवारी साडेसहालाच परत सुरू करायचंय. मधल्या महिन्यात माझी वेळ कोणाला द्यायची असेल तर द्या, फक्त महिन्याचंच पॅकेज द्या म्हणजे 19 पासून मला मिळेल. आणि हो, मुदत वाढवून घ्यायला डेस्कवर अर्ज उद्या देते, तुम्हाला आधी सांगायचं होतं."

सर विचारतील, काही त्रास आहे का, काही कमी-जास्त झालं का. ट्रेनर हे विचारतातच, कारण ट्रेनर आवडेनासा झालेले लोकही घरचंच कारण सांगतात. तुमचं कारण खरं आहे, तेव्हा जसं आहे तसं सांगा. त्यात आईच्या आजाराचं वर्णन करत बसायची गरज नाही. थांबण्याचं कारण स्वतःच्या तब्येतीचं असतं तर गोष्ट वेगळी, तेव्हा ट्रेनरपासून काही लपवू नये.

त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर हे पाठवा:

"सर, मघाशी बोललो ते लिहून ठेवते.
शेवटचं सेशन शुक्रवार 12 डिसेंबर.
पुन्हा सुरू सोमवार 19 जानेवारी, संध्याकाळी 6.30, सोम-बुध-शुक्र.
12 तारखेपर्यंत 19 सेशन्स होतील, 17 शिल्लक राहतील. तुमच्या वहीतही हाच आकडा आहे ना, ते कळवा.
15 डिसेंबरपासून माझी सगळी बुकिंग्ज काढून टाका.
मधल्या काळात 6.30 ची वेळ 16 जानेवारीपर्यंत दुसऱ्यांना देऊ शकता. 19 नंतर 6.30 नाहीच जमलं तर मला 7.30 चालेल.
12 जानेवारीला सोमवारी मी मेसेज करून नक्की करते. तारीख बदलायची झाली तर नवी तारीख त्याच दिवशी कळवेन."

मेसेज लांबला असं वाटेल, पण यातली एकही ओळ गाळू नका. शिल्लक आकडा विचारला की दोघांच्या हिशेबातला फरक आत्ताच निघतो. तो नेहमी एक-दोन सेशन्सचा असतो. एखाद्या दिवशी तुम्ही उशिरा कळवून रद्द केलेलं सेशन त्यांनी धरलेलं असतं, तुम्ही नसतं. पुष्कळ जिममध्ये ठरावीक तास आधी कळवलं नाही तर सेशन झालं असं धरायचा नियमच असतो. जानेवारीत, महिनाभरानंतर, कोणत्या बुधवारी काय झालं होतं हे दोघांनाही आठवत नाही.

बुकिंग्ज काढायची ओळ अनेकांना फालतू वाटते. पण ज्या जिममध्ये अॅपवर सोम-बुध-शुक्र असं कायमचं बुकिंग लावलेलं असतं, तिथे पॅकेज फ्रीज व्हायच्या आधी किंवा फ्रीजची नोंद अर्धवट राहिली तर ती सेशन्स 'नो-शो' म्हणून वजा होत राहतात. सर नाही, डेस्क नाही, कोणीच मुद्दाम काही करत नाही आणि तीन-चार सेशन्स कमी झालेली असतात.

दुसऱ्या दिवशी डेस्कवर फ्रीजचा अर्ज भरा, आणि नुसतं "झालं मॅडम" ऐकून परत येऊ नका. स्क्रीनवर तीन गोष्टी दाखवायला सांगा: फ्रीज कधीपासून कधीपर्यंत, शिल्लक सेशन्स किती, आणि मुदतीची नवी तारीख. त्याचा फोटो काढा किंवा ईमेलवर मागवा. एक धोका म्हणजे फ्रीज आजच्या तारखेपासून लावणं. तसं झालं तर 15 डिसेंबरच्या आधीच्या तुमच्या सेशन्सना तुम्हाला आत सोडणारच नाहीत, किंवा सोडलं तर फ्रीज आपोआप तुटेल. सुरुवातीची तारीख 15 डिसेंबरच पडली आहे ना, ते बोट ठेवून बघा.

लेखी ठेवायचं यासाठी की ट्रेनर जिम बदलतात, आमच्या क्षेत्रात हे सतत चालतं. एका जिममध्ये बघितलेलं सांगतो. क्लायंटने ट्रेनरला तोंडी सांगितलं, त्याने मान डोलावली, आणि महिनाअखेर तो दुसऱ्या जिममध्ये गेला. बाई परत आल्या तेव्हा डेस्कवर त्यांच्या नावापुढे मुदत संपलेलं पॅकेज होतं, फ्रीजची नोंद नाही, आणि "मी सांगितलं होतं" याला साक्षीला कोणी नाही. त्यांच्याकडे ट्रेनरशी झालेला एक जुना मेसेज निघाला म्हणून निम्मी सेशन्स मिळाली. तुम्ही पैसे थेट सरांना यूपीआयने देत असाल, म्हणजे जिमच्या पावतीवर पॅकेजच नसेल, तर तो व्हॉट्सअॅप मेसेज आणि त्यावरचं सरांचं "हो" एवढाच तुमचा कागद. तेव्हा त्यांच्याकडून शिल्लक आकड्याचं उत्तर आल्याशिवाय पुण्याला निघू नका.

12 डिसेंबरच्या शेवटच्या सेशनला सरांच्या वहीतलं तुमचं पान मोबाइलमध्ये टिपून घ्या. कोणता व्यायाम, किती वजन, किती रेप्स, काय करताना दुखत होतं. सरच भेटले तर त्यांना उपयोगी, आणि दुसऱ्या ट्रेनरच्या हाती गेलात तर तेच पान तुमची ओळख. नाहीतर नवा ट्रेनर पहिले दोन आठवडे तुम्हाला नवशिकी समजून चालवतो, किंवा उलट, "आधी करत होतात ना" म्हणून पहिल्याच दिवशी अंगावर वजन घालतो.

त्या दिवशी सरांकडून घरी करण्यासारखे चार व्यायाम मागून घ्या. आठवड्यातून दोनदा, वीस-पंचवीस मिनिटं. खुर्चीवरून उठ-बस, ओट्याला हात टेकवून पुशअप्स, जमिनीवर झोपून ब्रिज, आणि पुस्तकं भरलेली सॅक कमरेत वाकून वर ओढणं. महिनाभरात ताकद फारशी जात नाही, त्यातून आठवड्यातून एकदा-दोनदा जरा जोर लावून काम केलं तर टिकूनच राहते. दम मात्र लवकर कमी होतो, दोन-तीन आठवड्यांतच जाणवतो. म्हणून आईच्या फिजिओथेरपीची वेळ सोडून रोज अर्धा तास झपाझप चाला. सर व्हिडिओवर सेशन घ्यायचं सुचवतील, तर ते 17 मधून वजा होणार का, आणि पुरं धरणार की अर्धं, हे आधी ठरवा. मी तुमच्या जागी ही सेशन्स समोरासमोर करण्यासाठीच राखून ठेवीन.

12 जानेवारीला मेसेज करायचा आहे हे फोनमध्ये लावून ठेवा. गुडघा बदलल्यानंतर किती दिवसांत आई एकटी राहू शकेल हे माणसागणिक बदलतं, त्यामुळे तारीख पुढे जाणं शक्य आहे. गेली तर "अजून नक्की नाही" असं लिहू नका, नवीन तारीखच द्या, जसं "19 ऐवजी सोमवार 2 फेब्रुवारी". आणि लगेच डेस्कला सांगून फ्रीज वाढतो का ते विचारा. वाढत नसेल तर फेब्रुवारीभर तुम्हाला आठवड्यातून निदान चार सेशन्स घ्यावी लागतील, आणि इतक्या दिवसांच्या खंडानंतर ते अंगाला झेपेल का हे सरांशी बोला. काही मॅनेजर डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की नियमाबाहेर आठवडा-दोन आठवडे देतात, आईच्या दवाखान्याचा कागद जपून ठेवा.

पहिल्या सेशनला सरांना दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगा, झोप किती झाली आहे आणि कंबर कशी आहे. घरच्या माणसाला पलंगावरून उठवणं, बाथरूमपर्यंत नेणं यात सांभाळणाऱ्याची कंबर धरते, हे मी पुष्कळांचं बघितलं आहे. वाकून एका हाताने आधार दिला की सगळा भार एका बाजूला येतो. तुम्ही सांगितलं नाही तर सर त्याच दिवशी डेडलिफ्ट लावतील, कारण वहीत तेच शेवटचं आहे.

वजन किती घ्यायचं याचा अंदाज असा. समजा डिसेंबरमध्ये तुम्ही 15 किलोचा डंबेल छातीशी धरून दहा-दहाचे तीन सेट स्क्वॉट करत होतात, तर 19 जानेवारीला 10 किलो आणि दोनच सेट. दहाव्या रेपला अजून चार सहज झाल्या असत्या असं वाटलं पाहिजे. बुधवारी पाय दुखत नसतील तर तिसरा सेट, शुक्रवारी 12.5 किलो. दोन-तीन आठवड्यांत तुम्ही जुन्या वजनावर याल. खंडानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आखडतं, ते साहजिक आहे. पण दंड किंवा मांड्या सुजल्या, दुखणं वाढतच गेलं आणि लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली तर वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. ही स्नायूंना खरी इजा झाल्याची खूण असते, आणि ती मोठ्या खंडानंतर पहिल्याच दिवशी अतिजोर लावला की होऊ शकते. सरांना "जुनं वजन लगेच नको" हे सांगायला संकोच करू नका. चांगला ट्रेनर उलट खूश होतो.

आणि 19 ला निघताना डेस्कवर शिल्लक आकडा विचारा. पहिलं सेशन धरून 16 दाखवायला हवेत. 14 किंवा 13 दाखवत असतील तर जुनी बुकिंग्ज निघाली नव्हती असं समजा, आणि डिसेंबरचा तो फोटो आणि सरांचं उत्तर तिथेच मॅनेजरपुढे ठेवा. पहिल्याच दिवशी सांगितलं तर ते दोन मिनिटांत दुरुस्त होतं.